शिक्षिकेचा टेस्टिंगच्या नोकरीसाठी कव्हर मेसेज: खरं तेच लिहायचं, पण नेमकं कसं?



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात किंवा ओळखीत एखादी शिक्षिका किंवा शिक्षक असा असेल, ज्याला आता सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये यायचंय. कोर्स होतो, रिझ्युमे तयार होतो आणि गाडी अडते ती ईमेलमध्ये लिहायच्या चार ओळींवर. त्यालाच कव्हर मेसेज म्हणतात. आजचा लेख फक्त त्या मेसेजबद्दल आहे.

मी पुण्यात मॅन्युअल टेस्टर म्हणून काम करतो. टीममध्ये ज्युनियरची जागा निघाली की आमची लीड कधीकधी आलेले ईमेल चाळायला माझ्याकडे देते. त्यामुळे असे मेसेज मी वाचलेत. पण ते लिहायचे कसे, हे मला खरं समजलं ते माझ्या वहिनीचा मेसेज दुरुस्त करताना.

वहिनी कराडजवळच्या एका खासगी शाळेत सहा वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होत्या. गेल्या वर्षी त्यांनी टेस्टिंग शिकायला सुरुवात केली. एका रविवारी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भावोजी, हे वाचा आणि खरं काय ते सांगा. तोंडदेखलं बोलू नका."

पहिला मेसेज आणि त्यातली अडचण

मेसेज साधारण असा होता:

> मी मेहनती, संयमी आणि बारकाईने काम करणारी व्यक्ती असून मला शिक्षण क्षेत्रातला सहा वर्षांचा समृद्ध अनुभव आहे. वर्ग सांभाळल्यामुळे माझ्यात नेतृत्वगुण आणि टीम मॅनेजमेंटचं कौशल्य आहे. हजारो पेपर तपासल्यामुळे टेस्टिंगचाही चांगला अनुभव आहे. संधी दिल्यास मी तिचं सोनं करीन.

वाचायला काही वाईट नाही. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. 'संयमी' आणि 'मेहनती' हे खरं की खोटं, कसं तपासणार? कुणीही लिहू शकतं, आणि जवळपास सगळेच लिहितात. तिथे नजर थांबत नाही.

'टीम मॅनेजमेंट' मात्र खटकतं. वर्गातली मुलं आणि ऑफिसमधली टीम यांत फार फरक आहे. मुलं तुमचं ऐकतात कारण तुम्ही शिक्षक आहात. ज्युनियर टेस्टरचं कुणीच तसं ऐकत नाही, उलट डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशिनवर तर चालतंय." आणि ज्युनियरच्या जागेसाठी मॅनेजमेंट कुणी मागितलेलंही नसतं.

सगळ्यात धोक्याचं वाक्य तिसरं आहे. पेपर तपासणं म्हणजे टेस्टिंगचा अनुभव नव्हे. इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न येईल: "टेस्टिंगचा अनुभव म्हणताय, कुठलं ॲप्लिकेशन टेस्ट केलं?" तिथे सगळा डोलारा कोसळतो. एकदा एक वाक्य फुगवलेलं निघालं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मी हे सांगितल्यावर वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग लिहायचं तरी काय? क्लासमधल्या एकीला तर कुणीतरी पैसे घेऊन तीन वर्षांचा अनुभव दाखवून द्यायला तयार आहे."

हा मुद्दा इथेच संपवू. असे अनुभवाचे कागद विकणारे भेटतात. पण नोकरीवर घेताना बऱ्याच आयटी कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात. त्यात आधीच्या कंपनीकडे चौकशी होते, पगाराच्या स्लिप मागतात, पीएफच्या यूएएनमधली सर्व्हिस हिस्ट्रीही मागू शकतात. कुठल्या संस्थेने पीएफ भरला आणि कधीपासून कधीपर्यंत, ते तिथे तारखेसकट दिसतं. खोटं सापडलं तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. आणि नाहीच सापडलं, तर तीन वर्षं अनुभवी माणसाचं काम पहिल्या आठवड्यापासून करून दाखवावं लागतं. ते कसं करणार?

प्रत्येक कौशल्याला तीन प्रश्न

मग आम्ही एक कागद घेतला आणि त्यावर तीन रकाने पाडले. पहिल्यात, वर्गात तुम्ही नक्की काय केलं. दुसऱ्यात, टेस्टिंगमध्ये त्याच्या सगळ्यात जवळचं काम कोणतं. तिसऱ्यात, हे साम्य कुठे संपतं. तिसरा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत, पण मेसेज प्रामाणिक होतो तो त्याच्यामुळेच.

वहिनींनी पहिलं लिहिलं, 'पेपर काढणे'. मी विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचात?"

त्यांनी एक उदाहरण दिलं. एक गाडी ताशी 72 किलोमीटर वेगाने जाते, तर सेकंदाला किती मीटर? बरोबर उत्तर 20. आता चार पर्यायांमधले तीन चुकीचे द्यायचे. ते त्या मनाला येतील तसे देत नसत. एक पर्याय 72, म्हणजे ज्याने एकक बदललंच नाही तो इथे सापडतो. दुसरा 259.2, म्हणजे ज्याने 3.6 ने भागायच्या ऐवजी गुणलं तो. तिसरा 1200, म्हणजे ज्याने किलोमीटरचे मीटर केले पण तासाचे सेकंद करायच्या ऐवजी मिनिटांवरच थांबला तो. प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका ठरावीक चुकीसाठी लावलेला सापळा.

मी म्हटलं, "वहिनी, टेस्ट केस लिहिताना आम्ही हेच करतो." माणूस कुठे चुकेल किंवा प्रोग्रॅम लिहिणारा कुठे चुकला असेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्या एका चुकीला पकडणारा एक इनपुट द्यायचा. समजा, 35 गुणांना पास असा नियम आहे. मग आम्ही 50 किंवा 80 टाकून वेळ घालवत नाही. 34 आणि 35 टाकून बघतो, कारण कोडमध्ये 'पेक्षा जास्त' आणि 'इतके किंवा जास्त' यांची गल्लत झाली असेल तर ती याच कडेवर दिसते. याला बाउंडरी व्हॅल्यू ॲनॅलिसिस म्हणतात.

आता तिसरा रकाना. साम्य कुठे संपतं? पेपर काढणाऱ्याला बरोबर उत्तर माहीत असतं. टेस्टरला ते शोधावं लागतं. रिक्वायरमेंटच्या कागदात ते असतं, कधी अर्धवट असतं, कधी कुणी लिहिलेलंच नसतं. मग विचारत फिरावं लागतं की इथे नक्की काय व्हायला हवं. वर्गात हा सराव झालेला नसतो.

दुसरं त्यांनी लिहिलं, 'पेपर तपासणे'. इथे साम्य वाटतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं. वहिनी स्वतःच म्हणाल्या, "अहो, मुलाने एकक लिहिलं नसेल तरी मी अर्धा गुण द्यायचे. त्याला काय म्हणायचंय ते मला कळायचं ना." चांगल्या शिक्षिकेने तसंच करायला हवं. टेस्टरने मात्र ते करायचं नसतं. बटण दाबल्यावर तीन सेकंद काही होत नाही आणि मग पान उघडतं, तेव्हा 'त्याला म्हणायचं होतं ते झालं की' म्हणून सोडून देता येत नाही. त्यामुळे पेपर तपासण्याचा उल्लेख मेसेजमधून आम्ही काढून टाकला. ही सवय टेस्टिंगमध्ये कामाला येण्याऐवजी मोडावी लागणार होती.

जे महत्त्वाचं होतं ते लिहिलंच नव्हतं

कागद जवळजवळ संपत आला होता. मी सहज विचारलं, "शाळेत मार्क कशात भरायचात?" आणि मग एक गोष्ट बाहेर आली, जी मेसेजमध्ये कुठेच नव्हती.

शाळेने मार्क भरायला एक ॲप घेतलं होतं. 20 गुणांच्या दोन घटक चाचण्या, आणि त्यांची सरासरी ॲप काढणार. निकालपत्रकं छापायच्या आदल्या दिवशी वहिनींना दिसलं की वर्गातल्या एका हुशार मुलीची सरासरी 8 आलीय. तिला पहिल्या चाचणीत 16 होते. दुसऱ्या चाचणीला ती आजारी होती, म्हणून 'गैरहजर' भरलं होतं. शाळेचा लेखी नियम असा होता की परवानगीने गैरहजर असेल तर ती चाचणी सरासरीत धरायची नाही. म्हणजे यायला हवे होते 16. ॲपने गैरहजरला शून्य धरून 16 आणि 0 ची सरासरी काढली होती.

वहिनींनी ॲपवाल्यांना फोन केला, "तुमचं ॲप सरासरी चुकीची दाखवतंय." ते म्हणाले, "आमच्याकडे बरोबर येतेय." म्हणजे तेही खोटं बोलत नव्हते, त्यांनी दोन्ही चाचण्यांचे गुण भरून बघितले असणार.

मग वहिनींनी बसून स्वतः तपासलं. एकाला दुसऱ्या चाचणीत खरोखर 0 दिले, दुसऱ्याला 'गैरहजर' भरलं. दोघांची सरासरी सारखीच आली. पहिल्या चाचणीला गैरहजर भरून बघितलं, तरी तेच. मग कुठलं पान, कुठलं बटण, काय भरलं, काय आलं आणि नियमाप्रमाणे काय यायला हवं, हे सगळं क्रमाने लिहून पाठवलं. या वेळी त्यांना चूक लगेच दिसली आणि ती दुरुस्त झाली. तोवर वर्गातल्या गैरहजर मुलांची सरासरी वहिनींनी हाताने काढली.

मी म्हटलं, "वहिनी, हा बग रिपोर्ट आहे. शून्य आणि गैरहजर वेगवेगळे भरून बघितलेत ना, तिथे तुम्ही चुकीचं कारण वेगळं काढलंत. आणि तुम्ही 'संयमी' लिहून मोकळ्या झालात!"

पण इथेही तिसरा रकाना भरलाच. हे त्यांनी वापरकर्ती म्हणून केलं होतं, टेस्टर म्हणून नव्हे. तो एकच बग होता आणि तो समोर आला म्हणून सापडला, त्या शोधायला निघाल्या नव्हत्या. त्यामुळे 'शाळेच्या ॲपचं टेस्टिंग केलं' असं लिहायचं नाही. 'वापरताना सापडलेली चूक क्रमवार लिहून कळवली' असं लिहायचं.

आणखी एक काळजी. वहिनींकडे त्या वेळचे स्क्रीनशॉट होते आणि त्या ते जोडणार होत्या. त्यांत मुलांची नावं आणि गुण होते. असं कधीही पाठवू नका. ती माहिती मुलांची आहे, आपली नाही. शिवाय टेस्टरला रोज दुसऱ्यांचा डेटा हाताळावा लागतो, आणि पहिल्याच ईमेलमध्ये तुम्ही तो बाहेर पाठवताय, असं वाचणाऱ्याला दिसेल. ॲपचं नाव लिहायचीही गरज नाही.

मग पुरावा काय जोडायचा?

सरावासाठी बनवलेल्या साइट असतात. त्यातली saucedemo.com ही फोनच्या ब्राउझरवरही उघडते. ते एक खोटं दुकान आहे आणि लॉगिनची नावं व पासवर्ड पहिल्याच पानावर दिलेले आहेत. त्यात problem_user या नावाने आत गेलात की मुद्दाम ठेवलेल्या चुका दिसतात. वहिनींनी त्यातली एक अशी लिहिली:

> शीर्षक: चेकआउटमध्ये आडनाव भरता येत नाही, टाइप केलेलं अक्षर पहिल्या नावाच्या रकान्यात जातं
> कुठे: फोन, क्रोम ब्राउझर, लॉगिन problem_user
> पायऱ्या: 1. एक वस्तू कार्टमध्ये टाका. 2. कार्ट उघडून Checkout दाबा. 3. First Name भरा. 4. Last Name मध्ये आडनाव टाइप करा.
> काय व्हायला हवं: आडनाव Last Name मध्ये दिसावं आणि पहिलं नाव तसंच राहावं.
> काय झालं: Last Name रिकामाच राहिला आणि First Name मधलं नाव बदललं.
> परिणाम: ऑर्डर पुढे जात नाही.

तुम्ही लिहाल तेव्हा फोनचं मॉडेल आणि ब्राउझरची आवृत्तीही लिहा. किती वेळा करून बघितलं आणि किती वेळा चूक आली, तेही लिहा. आणि ही सरावाची साइट आहे, चुका मुद्दाम ठेवलेल्या आहेत, हे मेसेजमध्ये सरळ सांगा. टेस्टिंगमधल्या बऱ्याच लोकांना ही साइट माहीत असते. ते लपवलंत तर उगाच हसू होईल. दुसऱ्याच्या खऱ्या साइटवर लॉगिन तोडून बघणं, लपलेली पानं उघडणं असले प्रयोग परवानगीशिवाय करू नका.

दुसरा मेसेज

मेसेज आम्ही आधी मराठीत लिहिला. कंपनीला पाठवला इंग्रजीतच, पण आधी मराठीत लिहिण्याचा फायदा होतो. इंग्रजीत तयार शब्द हाताशी असतात आणि ते पोकळ आहेत हे आपल्याला पटकन कळत नाही. मराठीत 'मी परिणामाभिमुख आहे' असं लिहून बघा, स्वतःलाच हसू येईल.

> विषय: ज्युनियर मॅन्युअल टेस्टर जागेसाठी अर्ज
>
> नमस्कार,
> मी सहा वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं आहे आणि आता सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे येत आहे. आयटी कंपनीत काम केल्याचा अनुभव मला नाही. त्यामुळे मी सुरुवातीच्या पातळीच्या जागेसाठी अर्ज करत आहे.
>
> शाळेत मार्क भरायचं ॲप वापरताना मला एक चूक सापडली. गैरहजर विद्यार्थ्याला ते शून्य धरून सरासरी काढत होतं. फोनवर सांगून उपयोग झाला नाही, तेव्हा शून्य आणि गैरहजर वेगवेगळे भरून बघितले आणि पायऱ्या, अपेक्षित उत्तर व आलेलं उत्तर लिहून पाठवलं. त्यानंतर चूक दुरुस्त झाली. हे काम मी वापरकर्ती म्हणून केलं होतं, पण टेस्टिंग शिकावं असं मला तेव्हा वाटलं.
>
> बहुपर्यायी प्रश्न काढताना प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांची एक ठरावीक चूक पकडेल असा ठेवण्याची मला सवय आहे. टेस्ट केस लिहिताना ती उपयोगी पडते. अपुऱ्या रिक्वायरमेंटवर काम करणं मात्र मला शिकायचं आहे.
>
> सध्या आयएसटीक्यूबी फाउंडेशनची तयारी करत आहे, परीक्षा अजून दिलेली नाही. एसक्यूएलमध्ये एका टेबलमधून अट घालून माहिती काढता येते, जॉइन शिकत आहे. सरावाच्या साइटवर लिहिलेले तीन बग रिपोर्ट जोडले आहेत.
>
> आपला वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.

बघा, 'अनुभव नाही' हे तिसऱ्या ओळीच्या आतच सांगितलंय. वहिनींना आधी ते नको होतं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीलाच पाय मागे कशाला घ्यायचा?" पण वाचणाऱ्याला ते रिझ्युमेत दिसणारच असतं. तुम्ही स्वतः सांगितलंत की पुढचं सगळं तो त्या मापाने वाचतो आणि ॲपची गोष्ट मोठी वाटते. लपवलंत तर तोच शोधून काढतो आणि तीच गोष्ट छोटी वाटते. मात्र हे एकदाच सांगायचं. 'अनुभव नसला तरी', 'नवीन असले तरी' असं पुन्हा पुन्हा आलं की मेसेज रडका होतो.

परीक्षेबद्दलचं वाक्यही बघा. 'आयएसटीक्यूबीचं ज्ञान' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं प्रमाणपत्र आहे. फाउंडेशनची परीक्षा 40 प्रश्नांची असते आणि पास व्हायला 26 बरोबर लागतात. ती दिलेली असेल तर 'पास' लिहा, नसेल तर 'दिलेली नाही' लिहा. मधला शब्द शोधू नका.

शाळा का सोडली, पगार किती कमी होता, संस्थेने कसं वागवलं, हे मेसेजमध्ये नको. इंटरव्ह्यूत विचारलं तर एका वाक्यात सांगा.

पाठवण्याआधी तोंडी परीक्षा

शेवटी एक काम केलं. मेसेजमधल्या प्रत्येक वाक्यावर मी वहिनींना एकच प्रश्न विचारला: "म्हणजे नक्की काय केलंत?" दोन मिनिटं न अडखळता बोलता आलं तर वाक्य ठेवायचं, नाहीतर काढायचं. एसक्यूएलच्या वाक्यात आधी 'जॉइन येतात' असं होतं. कागदावर लिहायला सांगितलं तेव्हा वहिनी अडकल्या, म्हणून ते 'शिकत आहे' झालं.

तो मेसेज त्यांनी काही ठिकाणी पाठवला. बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आलं नाही, तेही सांगायलाच हवं. अनुभव मागणाऱ्या जागांना कितीही चांगला मेसेज पुरत नाही. एका ठिकाणाहून मात्र फोन आला आणि समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गैरहजरला शून्य धरायचं नाही, हे कुणी ठरवलं? तुम्ही की शाळेने?"

वहिनी म्हणाल्या, "शाळेच्या लेखी नियमाने. नियम नसता तर आधी मुख्याध्यापकांना विचारलं असतं, मग ॲपवाल्यांना फोन केला असता."

बाईंनी त्यांना पुढच्या फेरीला बोलावलंय. ती फेरी येत्या गुरुवारी आहे आणि सध्या वहिनी जॉइनचा सराव करतायत.